हँडहेल्ड कन्सोलसाठी मायक्रोएसडी कार्ड: कोणते घ्यायचे आणि डुप्लिकेट कसे पकडायचे

इंदूरमध्ये मायक्रोएसडी कार्ड शोधत फिरावे लागत नाही. जेल रोडला डॉलर मार्केटमध्ये शिरा, नाहीतर गल्लीच्या तोंडाशी असलेल्या रिचार्जवाल्याकडे जा, काउंटरच्या काचेखाली कार्डे मांडलेलीच असतात. घोळ होतो तो निवडताना. पाकिटावर अक्षरे आणि आकडे दाटीवाटीने छापलेले असतात, त्यांतले बरेचसे कॅमेऱ्यासाठी असतात, आणि कन्सोलसाठी कार्ड घेणारा नेमके त्यांच्यापायी जास्त पैसे मोजतो. त्याहून वाईट म्हणजे तेच कार्ड डुप्लिकेट निघते आणि ते कळायला दोन महिने लागतात, तोवर परत करायची मुदत संपलेली असते.

आधीच सांगून टाकतो: हँडहेल्डसाठी वेगाच्या खुणांवर फार डोके लावू नका. साधे, चांगल्या कंपनीचे, अस्सल कार्ड पुरते. पैसे क्षमतेवर खर्च करा आणि वेळ तपासणीवर. खुणा वाचता आल्या पाहिजेत हे खरे, पण त्याचे मोठे कारण हे की खोट्या कार्डावरच्या खुणा अनेकदा एकमेकींशीच भांडतात.

१. आधी कन्सोलचा स्लॉट ओळखा

दुकानात जाण्यापूर्वी एवढे एक ठरले पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे.

जुना निन्टेन्डो स्विच (साधा, लाइट किंवा ओलेड) आणि स्टीम डेक, दोन्हींचा स्लॉट यूएचएस-वन जातीचा आहे. कार्डावर हे रोमन एकच्या उभ्या रेघेने दाखवतात. या जातीची वरची मर्यादा सेकंदाला १०४ एमबी आहे. कार्डाच्या पाकिटावर १७०, १९० किंवा २०० एमबी लिहिलेले दिसते, तो वेग खोटा नसतो, पण तो मिळतो त्या कंपनीच्या खास रीडरमध्ये. कन्सोलमध्ये तेच कार्ड शंभराच्या आतच चालणार.

जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ चे प्रकरण वेगळे आहे. त्यावर गेम ठेवायचे तर मायक्रोएसडी एक्सप्रेस कार्डच लागते. जुने साधे कार्ड त्यात घातले तर जुन्या स्विचवरचे स्क्रीनशॉट आणि व्हिडिओ तेवढे आत घेता येतात, गेम ठेवता येत नाही. इथे लोक आणखी एका ठिकाणी फसतात. एक्सप्रेस कार्डाच्या मागे सोनेरी पिनांच्या दोन ओळी असतात, आणि कॅमेऱ्यांसाठी येणाऱ्या यूएचएस-टू कार्डालाही दोन ओळी असतात. दिसायला सारखी असली तरी यूएचएस-टू कार्ड स्विच २ मध्ये गेमसाठी चालत नाही. पिना मोजू नका, कार्डावर ‘एक्सप्रेस’ लिहिले आहे की नाही ते पाहा.

तिसरा गट म्हणजे आनबर्निक, मियू वगैरे छोटे रेट्रो कन्सोल. त्यांच्या स्लॉटपाशी ‘टीएफ’ लिहिलेले असते. टीएफ म्हणजे मायक्रोएसडीच, ते त्याचे जुने नाव आहे. काही कन्सोलांत दोन स्लॉट असतात, पहिल्यात सिस्टिमचे कार्ड आणि दुसऱ्यात गेमचे. या कन्सोलांबरोबर बहुतेकदा एक बिननावाचे कार्ड फुकट येते. त्याच्यावर भरवसा ठेवू नका. कन्सोल हातात आला की त्या कार्डातले सगळे कॉम्प्युटरवर उतरवून घ्या आणि कार्ड बदला. हा खर्च कन्सोलच्या किमतीतच धरून चालावे.

२. खुणा वाचायच्या कशा

कार्डावर वेगाच्या चार प्रकारच्या खुणा सापडतात. पहिली, इंग्रजी सी अक्षराच्या पोटात आकडा. सीमध्ये १० म्हणजे सलग लिहिण्याचा किमान वेग सेकंदाला १० एमबी. दुसरी, इंग्रजी यूच्या पोटात १ किंवा ३. यू-१ म्हणजे किमान १० एमबी, यू-३ म्हणजे किमान ३०. तिसरी, व्ही आणि पुढे आकडा: व्ही-१०, व्ही-३०, व्ही-६०, व्ही-९०, आणि तो आकडाच किमान वेग.

या तिन्ही खुणा लिहिण्याच्या वेगाबद्दल बोलतात, वाचण्याच्या नाही. कॅमेरा व्हिडिओ टिपत असताना कार्ड मध्येच अडखळणार नाही, एवढीच ती हमी आहे. गेम खेळताना कन्सोल कार्डावर लिहितो क्वचित, वाचतो सतत. लिहिण्याचा प्रसंग येतो तो मुख्यतः डाउनलोडच्या वेळी, आणि तिथे अडथळा कार्डाचा नसतो. घरचे इंटरनेट ५० एमबीपीएसचे असेल तर सेकंदाला जास्तीत जास्त सव्वासहा एमबी येणार. यू-१ कार्डाचा किमान वेगसुद्धा त्याहून जास्त आहे. व्ही-६० किंवा व्ही-९० कार्डाला तर त्याचा वेग दाखवायला यूएचएस-टू स्लॉट लागतो, जो तुमच्या कन्सोलमध्ये नाही. दुकानदार ‘सबसे फास्ट वाला’ म्हणून पुढे करील ते नेमके हेच असते, आणि त्यावरचे जादा पैसे पाण्यात जातात.

चौथी खूण ए-१ किंवा ए-२, आणि कन्सोलच्या कामाची हीच आहे. एखादी मोठी फाइल सलग वाचणे वेगळे आणि कार्डावर इथेतिथे विखुरलेले छोटे तुकडे उचलणे वेगळे. गेम दुसऱ्या प्रकारचे काम पुष्कळ करतो. ए-१ कार्ड असे तुकडे सेकंदाला किमान १५०० वेळा वाचू शकते आणि ५०० वेळा लिहू शकते. ए-२ साठी हे आकडे ४००० आणि २००० आहेत. कागदावर ए-२ दुपटीहून सरस वाटते, पण त्यासाठी यंत्राकडूनही साथ लागते. कन्सोलला ती खास पद्धत येत नसेल तर ए-२ कार्ड ए-१ एवढेच चालते, कधी किंचित कमीच. म्हणून दोन्ही एकाच भावात मिळत असतील तर ए-२ घ्या, ए-२ साठी जास्त पैसे देऊ नका.

रेट्रो कन्सोलसाठी यू-१ आणि ए-१ भरपूर झाले. स्विच आणि स्टीम डेकसाठी यू-३ आणि ए-१ किंवा ए-२. यापुढे जायचे कारण नाही.

३. किती जीबीचे

कार्डाची क्षमता आणि त्यावरचे नाव यांचा संबंध ठरलेला आहे. दोन जीबीच्या वर ते ३२ जीबीपर्यंत एसडीएचसी, त्यावर २ टीबीपर्यंत एसडीएक्ससी. हे लक्षात ठेवा, दुकानात कामाला येणार आहे.

रेट्रो कन्सोलचा हिशेब सोपा आहे. गेम बॉय अॅडव्हान्सचा गेम जास्तीत जास्त ३२ एमबीचा असतो, पहिल्या प्लेस्टेशनची सीडी ७०० एमबीच्या आत, आणि पीएसपीची डिस्क १.८ जीबीपर्यंत. समजा गेम बॉय अॅडव्हान्सचे ३०० गेम आहेत, सरासरी १६ एमबीचे, तर ४.८ जीबी झाले. प्लेस्टेशनच्या ४० सीड्या अर्ध्या जीबीच्या धरल्या तर २० जीबी. पीएसपीचे १० गेम सव्वा जीबीच्या आसपास, म्हणजे साडेबारा. सगळे मिळून ३७ जीबीच्या जवळ. ६४ जीबीचे कार्ड पुरून उरते. त्यापलीकडे ५१२ जीबी घेऊन त्यात हजारो गेम भरणारे लोक यादी खालीवर सरकवण्यातच संध्याकाळ घालवतात.

स्विचसाठी १२८ जीबीपासून सुरुवात करावी, डाउनलोडचे गेम घेत असाल तर २५६. इथे एकाऐवजी दोन छोटी कार्डे घेण्याचा मोह टाळा. स्विच एका वेळी एकच कार्ड वापरतो, आणि दोन कार्डांवरचे गेम नंतर एका कार्डात एकत्र करता येत नाहीत, पुन्हा डाउनलोड करावे लागतात. मोठे गेम ६० ते १०० जीबी खातात अशा स्टीम डेकसाठी मात्र ५१२ च्या खाली उतरू नये.

कार्ड लावल्यावर पहिला घाबरा फोन येतो तो असा: १२८ चे कार्ड घेतले आणि विंडोज ११९ दाखवतोय, फसवले का? नाही. कार्ड बनवणारे एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतात, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतो. १२८ ला १०००³ ने गुणून १०२४³ ने भागा, ११९.२ येतात. याच हिशेबाने ६४ चे ५९.६, २५६ चे २३८.४ आणि ५१२ चे ४७६.८ होतात. थोडे इकडेतिकडे चालते. हा आकडा बरोबर दिसला तर कार्ड अस्सल, असे मात्र समजू नका. त्याचे कारण आता येतेच.

४. डुप्लिकेट कार्ड आत काय करते

कार्डात मेमरीच्या चिपबरोबर एक छोटा कंट्रोलर असतो. कार्ड किती जीबीचे आहे हे कन्सोलला तोच सांगतो. खोटे कार्ड बनवणारा ३२ जीबीची चिप घेतो आणि कंट्रोलरमध्ये फेरफार करून त्याला ‘२५६’ सांगायला लावतो. कन्सोल, फोन, विंडोज, सगळे त्याच्या शब्दावर विश्वास ठेवतात. काउंटरवर ‘भिया, अभी चलाके दिखा देता हूँ’ म्हणत दुकानदार कार्ड फोनमध्ये घालतो आणि स्क्रीनवर २५६ चा आकडा दाखवतो, तो याच कंट्रोलरचा शब्द. बऱ्याचदा त्या दुकानदारालाही ठाऊक नसते की आपण काय विकतो आहोत.

मग ३२ जीबी भरल्यावर काय होते? काही कार्डे पुढचा डेटा नुसता गिळून टाकतात. काही पुन्हा सुरुवातीकडे वळून आधीच्या डेटावर लिहू लागतात, वहीची पाने संपल्यावर पहिल्या पानापासून त्याच ओळींवर गिरवत सुटावे तसे. गंमत म्हणजे फाइलींची यादी कार्डाच्या सुरुवातीच्या भागात असते. ती शाबूत असली की नावे दिसतात, साइज दिसते, कॉपी करताना एकही एरर येत नाही. आत काही नसते.

त्यामुळे लक्षणे उशिरा आणि चुकीच्या दिशेने बोट दाखवत येतात. स्विचवर पहिले दोन गेम व्यवस्थित चालतात. तिसरा डाउनलोड झाल्यावर उघडत नाही, किंवा उघडून मध्येच बंद पडतो आणि डेटा खराब असल्याचा निरोप येतो. मग माणूस तो गेम काढून पुन्हा टाकतो, वाय-फायला शिव्या घालतो, कन्सोल दुरुस्तीला न्यायचा विचार करतो. रेट्रो कन्सोलवर यादीतले वरचे गेम चालतात आणि खालचे काळा पडदा दाखवतात. ‘आधी चालत होते, जास्त भरल्यावर बिघडले’ असा क्रम दिसला की पहिला संशय कार्डावर घ्या.

५. विकत घेताना

कार्ड काचेखालून बाहेर येईल तेव्हा आधी खुणांची आपापसात जुळणी करा. ६४ जीबीच्या कार्डावर एसडीएचसी लिहिले असेल तर ते खोटे, कारण ते नाव ३२ ला संपते. यूएचएस-टूचे दोन रोमन दांडे छापले आहेत आणि मागे पिनांची एकच ओळ आहे, तेही खोटे. व्ही-३० आणि यू-१ एकाच कार्डावर असेल तर संशय घ्या, ३० ची हमी देणारी कंपनी शेजारी १० ची खूण का छापील? सी-१० आणि यू-३ एकत्र असणे मात्र नेहमीचे आहे, त्यावरून दुकानदाराशी वाद घालू नका. पाकिटावर लिहिलेली क्षमता आणि खुणा कार्डावरच्याशी तंतोतंत जुळल्या पाहिजेत.

छपाईचा दर्जा, होलोग्राम, रंगाची छटा यांवर फार विसंबू नये. चांगल्या नकलांचे पाकीट अस्सलपेक्षा सुबक असते.

किंमत जास्त बोलते. तेच मॉडेल, तीच क्षमता चारपाच ठिकाणी बघा. सगळीकडे साधारण एकच भाव आणि एका ठिकाणी निम्मा असेल तर तिथे सूट नाही, दुसरेच काही आहे. एक आणि दोन टीबीची कार्डे खरोखर बनतात, पण ती हजारो रुपयांची वस्तू आहे. पाचसातशे रुपयांत दोन टीबी हे तपासून बघण्याच्याही लायकीचे नाही.

सुटे कार्ड घेऊ नका, सीलबंद पाकीटच घ्या, आणि पक्के बिल मागा. ‘बिल चाहिए तो जीएसटी अलग लगेगा’ हे उत्तर इथे नवीन नाही. तो फरक भरा. पक्क्या बिलावर मॉडेल आणि क्षमता लिहून घेतली की कंपनीच्या वॉरंटीचा दावा करता येतो आणि दुकानदाराकडे परत जायला तोंड राहते. ‘खराब निघाले तर किती दिवसांत बदलून द्याल’ हेही तिथेच विचारा. ऑनलाइन घेताना कंपनीचे नाव पाहून थांबू नका, खाली विकणारा कोण आहे ते वाचा. कंपनीचे स्वतःचे दालन किंवा अधिकृत विक्रेता असेल तर बरे. तारांकित अभिप्रायांवर जाऊ नका, पाच तारे देणाऱ्यांतल्या बहुतेकांनी कार्ड भरलेलेच नसते.

६. घरी आणल्यावर: पूर्ण भरून तपासा

ही पायरी कोणीही गाळू नये, कार्ड कितीही विश्वासाच्या जागेहून आणले असले तरी. तत्त्व साधे आहे: कार्ड काठोकाठ भरायचे आणि भरलेले सगळे परत वाचून जुळवायचे. खोटे बोलणारा कंट्रोलर इथे उघडा पडतो.

कार्डावर काही टाकण्यापूर्वीच हे करा, कारण तपासणीला रिकामे कार्ड लागते. कार्ड रीडरमध्ये घालून कॉम्प्युटरला लावा. फोनमध्ये ठेवून केबलने जोडू नका, तसे केल्यावर विंडोज त्याला ड्राइव्हचे अक्षर देत नाही. मोठ्या एसडी अॅडॉप्टरमधून लावत असाल तर त्याच्या कडेची छोटी कुलपाची पट्टी वर आहे ना पाहा, खाली सरकली असेल तर कार्डावर लिहिताच येत नाही. रीडर यूएसबी ३ चा मिळाला तर उत्तम. सेकंदाला ६० एमबीने लिहिणारे २५६ जीबीचे कार्ड सव्वा तासात भरते आणि पाऊण-एक तासात वाचून होते. यूएसबी २ च्या जुन्या रीडरवर त्याच कामाला साडेपाच-सहा तास जातात. रात्री लावून झोपा, फक्त लॅपटॉप स्लीपमध्ये जाणार नाही असे करून ठेवा.

विंडोजवर H2testw हा छोटा, फुकट प्रोग्रॅम वापरतात. तो इन्स्टॉल करावा लागत नाही. उघडल्यावर भाषा English करा, `Select target` दाबून कार्डाचा ड्राइव्ह निवडा. ते अक्षर दोनदा तपासा, दुसरी पेन ड्राइव्ह लावलेली असेल तर काढूनच टाका. मग `all available space` ठेवा आणि `Write + Verify` दाबा. कार्डावर एकेका जीबीच्या, `.h2w` शेपटीच्या फाइली तयार होत जातात. सुरुवातीला एखाद एमबी तपासणीबाहेर राहत असल्याची सूचना आली तर ती सोडून द्या.

लिनक्स किंवा मॅकवर हेच काम F3 करतो. उबंटूवर तो `sudo apt install f3` ने येतो, मॅकवर `brew install f3` ने. त्यानंतर कार्ड ज्या ठिकाणी दिसते तो पत्ता देऊन:

```
f3write /media/user/CARD
f3read /media/user/CARD
```

पूर्ण तपासणीला वेळ नसेल तर विंडोजवर ValiDrive नावाचा प्रोग्रॅम कार्डभर पसरलेल्या ५७६ जागा तपासून काही मिनिटांत ढोबळ निकाल देतो. क्षमता खोटी असेल तर त्यात दिसते. पण मधलीच एखादी जागा खराब असेल तर ती हुकू शकते. म्हणून तो चाळणीपुरता, शेवटचा निर्णय पूर्ण तपासणीवर.

७. निकाल वाचायचा कसा

कार्ड ठीक असेल तर H2testw शेवटी `Test finished without errors` लिहितो. नसेल तर लाल अक्षरांत काही येते. २५६ जीबी म्हणून घेतलेल्या एका नमुन्याच्या खोट्या कार्डाचा निकाल असा दिसेल:

```
The media is likely to be defective.
29.1 GByte OK
209.3 GByte DATA LOST
```

दोन्ही आकड्यांची बेरीज करा: २३८.४. म्हणजे कार्डाने स्वतःला बरोबर २५६ जीबीचे म्हणवून घेतले. आता वरचा आकडा. २९.१ हे विंडोजच्या मापातले आहेत, कंपनीच्या मापात ते ३१ जीबीच्या थोडे वर जातात. म्हणजे आत ३२ जीबीची चिप आहे. ओके आलेला भाग १५, ३० किंवा ६० अशा एखाद्या नेहमीच्या क्षमतेच्या जरा खाली थांबतो आणि त्यापुढचे सगळेच हरवलेले असते, तेव्हा ते कार्ड डुप्लिकेट आहे याबद्दल शंका उरत नाही.

याच्या उलट, ओके २३८.१ आणि हरवलेले ०.३ असे काही आले तर ते बहुधा अस्सल कार्ड आहे पण त्यात दोष आहे, किंवा रीडर सैल आहे. रीडर बदला, यूएसबीचे दुसरे पोर्ट घ्या आणि पुन्हा तपासा. दुसऱ्या खेपेला चुका नाहीशा झाल्या तर दोष रीडरचा. त्याच जागी पुन्हा आल्या तर कार्ड वॉरंटीत बदलून घ्या.

तपासणीत वेगही दिसतो, तोही टिपून ठेवा. `Writing speed` पुढचा आकडा हा सबंध कार्ड भरतानाचा सरासरी वेग असतो, पहिल्या मिनिटातला उसना जोर त्यात धुऊन निघतो. व्ही-३० लिहिलेल्या कार्डाने २७-२८ दाखवले तर हरकत नाही, ती हमी कॅमेऱ्याच्या ठरावीक लेखनपद्धतीसाठी असते. पण यूएसबी ३ च्या रीडरवर ते ११-१२ वर रेंगाळले तर क्षमता खरी असूनही खुणा खोट्या आहेत. अशी कार्डेही मिळतात: चिप पूर्ण, पण हलकी, आणि वर नामांकित कंपनीचे नाव.

खोटे निघाले तर लगेच फॉरमॅट करू नका. निकालाच्या खिडकीचा स्क्रीनशॉट घ्या, बिल आणि पाकीट बरोबर घ्या आणि मुदतीत परत करा. दुकानात ‘हमारे यहाँ तो चल रहा था’ ऐकावे लागेल. त्यावर वाद न घालता ‘४० जीबी टाकून परत वाचून दाखवा’ म्हणा, आकड्यांपुढे बहुतेक जण नमतात. परत करणे शक्यच नसेल तर लिनक्सवर `f3fix` वापरून कार्डाला त्याच्या खऱ्या क्षमतेपुरते मर्यादित करता येते. गाणी ठेवायला ते ठीक, पण गेम आणि सेव्ह त्यावर ठेवू नका. ज्याने कंट्रोलर बदलला त्याने चिपही उतारातलीच वापरलेली असते.

८. कन्सोलमध्ये लावताना

तपासणी पार पडली की `.h2w` फाइली पुसा. स्विच आणि स्टीम डेकमध्ये कार्ड कन्सोलच्याच सेटिंगमधून फॉरमॅट करा. स्टीम डेक कार्डाला लिनक्सच्या ext4 पद्धतीने फॉरमॅट करतो, त्यामुळे नंतर ते विंडोजला लावले की विंडोज ‘फॉरमॅट करू का?’ विचारतो. तिथे हो म्हटले की सगळे गेम गेले.

रेट्रो कन्सोलमध्ये कोणती पद्धत चालते ते त्याच्या सिस्टिमवर ठरते. मियू मिनीवरच्या ऑनियनसारख्या सिस्टिमला FAT32 च लागते. ६४ जीबीच्या कार्डाला विंडोजची नेहमीची फॉरमॅटची खिडकी तो पर्याय दाखवत नाही, तिथे Rufus उघडून `Non bootable` आणि FAT32 निवडा.

सेव्ह कुठे राहतात यात मोठा फरक आहे. स्विचचे सेव्ह कन्सोलच्या आतल्या मेमरीत असतात, कार्ड मेले तरी ते वाचतात आणि गेम पुन्हा डाउनलोड होतात. रेट्रो कन्सोलवर गेम, सेव्ह आणि पुष्कळदा सिस्टिमसुद्धा त्याच कार्डावर असते. तिथे सेव्हचा फोल्डर दर पंधरवड्याला कॉम्प्युटरवर कॉपी करा, आणि कार्ड काढण्यापूर्वी कन्सोल मेनूतून नीट बंद करा. लिहिणे चालू असताना कार्ड उपसले तर अस्सल कार्डावरचीही फाइलींची यादी बिघडते.